मदत हवी आहे : १०⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू ८ कसा येईल?

जिज्ञासा_रसायन : २५ अंश सेल्सिअसला १०⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू नेहमीच्या सूत्राने ८ येतो. पाण्यात आम्ल घालून द्रावण अल्कधर्मी व्हावे, हे मला पटत नाही. पाण्याचे आयनीभवन धरायला हवे एवढे समजते, पण ते नेमके कसे धरावे?

अनुप७१ : पाण्यातून १०⁻⁷ आणि आम्लातून १०⁻⁸ मिळते. बेरीज १.१ × १०⁻⁷, म्हणून सामू ६.९६.

मृणाल_द : अनुप, दिशा बरोबर आहे, पण पाणी १०⁻⁷ देते ते शुद्ध असतानाच. आम्लाच्या हायड्रोजन आयनांमुळे ते समतोल मागे सरकते आणि पाण्याचा वाटा घटतो. तुमचाच आकडा तपासा: हायड्रॉक्साइड १०⁻⁷ राहिले, तर गुणाकार १.१ × १०⁻¹⁴ होतो, जो १०⁻¹⁴ असायला हवा.

म्हणून पाण्याचा वाटा अज्ञात ठेवावा. द्रावण विद्युतदृष्ट्या उदासीन असल्यामुळे हायड्रोजन आयनांची संहती h म्हणजे क्लोराइड अधिक हायड्रॉक्साइड. क्लोराइड १०⁻⁸ आणि हायड्रॉक्साइड १०⁻¹⁴ भागिले h, असे लिहिले की वर्गसमीकरण मिळते:

```
h² − 10⁻⁸ h − 10⁻¹⁴ = 0
h = (10⁻⁸ + √(10⁻¹⁶ + 4×10⁻¹⁴)) / 2
  = 1.051×10⁻⁷
pH = 6.98
```

यात पाण्याचा वाटा ०.९५१ × १०⁻⁷ उरतो. फरक लहान वाटेल, पण १०⁻⁷ मोलर आम्लाला साधी बेरीज ६.७० देते आणि खरे उत्तर ६.७९ आहे.

प्रयोगवही : मी असेच विरल द्रावण तयार केले, तर मापक ५.८ दाखवत होता. मग ६.९८ चूक म्हणायचे का?

मृणाल_द : गणित चूक नाही, तुमचे पाणी हवेच्या संपर्कात होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून झालेले आम्ल एकटेच सामू ५.६ च्या आसपास नेते, त्यापुढे तुमचे १०⁻⁸ नगण्य आहे. पाणी उकळून नायट्रोजनखाली थंड करून पाहा. तरीही इतके कमी आयन असताना इलेक्ट्रोडचे वाचन स्थिरावायला वेळ लागतो.

जिज्ञासा_रसायन : हायड्रॉक्साइड अज्ञात ठेवायचे, ही माझी अडचण होती, आता उलगडली. कोणत्या संहतीपासून पाण्याकडे दुर्लक्ष चालेल?

मृणाल_द : १०⁻⁶ मोलरला h १.०१ × १०⁻⁶ येतो, म्हणजे सुमारे एक टक्का फरक, सामू ५.९९६. तिथून वर मी वर्गसमीकरण सोडवत बसत नाही.

प्रयोगवही : नायट्रोजनखाली पुन्हा मोजून पाहतो. ६.९८ आणि ६.९६ यांतला फरक माझा मापक ओळखू शकेल, याची मात्र खात्री वाटत नाही.