रागपरिचयातले वादी, न्यास आणि चलन : पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कसे सांगावेत?

टिपणकर्ती : सकाळच्या एका मैफलीच्या पत्रिकेसाठी मराठी आणि इंग्रजी टिपण लिहिते आहे. पहिला राग देशकार. येणाऱ्यांतले बरेच जण रागसंगीत पहिल्यांदाच ऐकणार आहेत. माझा मसुदा असा : 'देशकार हा बिलावल थाटाचा, औडव जातीचा राग. मध्यम-निषाद वर्ज्य. वादी धैवत, संवादी गंधार. न्यास धैवत-पंचमावर. चलन उत्तरांगप्रधान.' मैत्रिणीच्या आईंना हे वाचून दाखवलं. त्या निवृत्त शिक्षिका, मराठी उत्तम, पण गाणं शिकलेल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ''वादी धैवत, मग प्रतिवादी कोण? आणि हा न्यास कुठला, कार्यक्रम त्यांच्यातर्फे आहे का?'' चलन म्हटल्यावर त्यांना नोटा-नाणी आठवली. त्यांचं काहीच चुकलं नाही, रोजच्या मराठीत या शब्दांचे तेच अर्थ आहेत. इंग्रजीत मी वादीला 'डॉमिनंट' म्हटलंय. बरोबर आहे का?

पेटीवाला : चालेल की. वादी म्हणजे रागात सगळ्यांत जास्त वेळा येणारा स्वर, म्हणून डॉमिनंट. मराठीत 'प्रमुख स्वर' लिहा.

जुना श्रोता : 'टिपण' म्हणजे ऑफिसातल्या फायलीवरचा शेरा वाटतो. 'रागपरिचय' म्हणा. पूर्वीच्या पत्रिकांत हाच शब्द असायचा.

टिपणकर्ती : काका, शीर्षक तेच ठेवते. पण अडचण आतल्या शब्दांची आहे.

तंबोरा : ताई, 'डॉमिनंट' मात्र नक्की काढा. पाश्चात्त्य संगीत थोडंफार शिकलेल्या माणसाला डॉमिनंट म्हणजे सप्तकातला पाचवा स्वर, आपला पंचम. तो वाचणार 'डॉमिनंट' आणि कान लावून बसणार पंचमाकडे. देशकारात पंचमालाही महत्त्व आहे, त्यामुळे आपली चूक होतेय हे त्याला कळणारही नाही. जुन्या इंग्रजी लेखनात वादीला 'सोनंट' म्हटलेलं आढळतं. अर्थाने ते जवळचं आहे, पण आज तो शब्द कुणाला कळत नाही.

आणि पेटीवाले दादा, 'सगळ्यांत जास्त वेळा' हे अर्धंच खरं आहे. मोजणी करून वादी सापडेलच असं नाही. एखादा स्वर जाता-येता पन्नास वेळा लागतो, पण गाणं तिथे टेकत नाही. वादी ओळखायचा तो वजनावरून : गायक कुठे रेंगाळतो, आलाप कुठे आणून सोडतो, बाकीचे स्वर कुणाच्या आधाराने उभे राहतात.

निवेदिका : माझा अनुभव सांगते. सकाळच्या सत्रात देशकार होता, संध्याकाळी भूप. दोन्ही वेळा मी 'सा रे ग प ध या पाच स्वरांचा राग' असंच निवेदन केलं. कार्यक्रम संपल्यावर एक तरुण मुलगी आली आणि म्हणाली, ''सकाळी आणि संध्याकाळी तुम्ही एकाच रागाला दोन नावं दिलीत का?'' मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून नुसते स्वर सांगायची भीती वाटते.

तंबोरा : ताईंच्या टिपणाला हवं ते उदाहरण हेच आहे. दोन्हींत पाच स्वर तेच, एकाचाही फरक नाही. भूपात गाणं खालच्या अंगाने वाढतं : ग रे सा, मंद्र धैवतावर उतरायचं, पुन्हा सा रे ग करत गंधारावर येऊन विसावायचं. देशकारात सूर लावताच कल वरच्या बाजूला : ग प ध, ध प, पुन्हा ग प ध सां. धैवत ठसठशीत लागतो. ऋषभ नावापुरता, उतरताना ओझरता. देशकार गाताना गंधारावर जरा जास्त थांबलात किंवा ऋषभ लांबवलात, की भूप झालाच. शिकताना आम्ही याच जागी सर्वांत जास्त ओरडा खाल्लाय.

म्हणून इंग्रजी टिपणात एवढंच 'पेंटाटॉनिक स्केल' लिहिलं, तर दोन रागांना एक वर्णन होतं. स्केलमध्ये कोणते स्वर ते कळतं, त्यांच्यावरून कसं चालायचं ते कळत नाही.

पेटीवाला : पेटीवर मी दोन्हींना त्याच पाच पट्ट्या दाबतो, हे खरंय. पण मग थाटावरून फरक सांगा. भूप कल्याण थाटाचा, देशकार बिलावलचा.

तंबोरा : भातखंड्यांनी तसं वर्गीकरण केलंय खरं. पण कल्याण आणि बिलावल यांत फरक फक्त मध्यमाचा, एकात तीव्र, दुसऱ्यात शुद्ध. या दोन्ही रागांत मध्यमच नाही. मग नवख्या कानाला तो फरक ऐकू येणार कुठे? विद्यार्थ्याने थाट जरूर शिकावा, पत्रिकेत त्याची जागा नाही.

जुना श्रोता : इथे मी सहमत नाही. थाट, वादी, संवादी हे शब्द पत्रिकेत वाचूनच मी ओळखायला शिकलो. सगळं सोपं केलंत तर नव्या श्रोत्याला पुढे ग्रंथ उघडल्यावर काहीच ओळखीचं वाटणार नाही.

टिपणकर्ती : काकांचं म्हणणं मला पटतं. एक सुचलं. 'वादी' वद् धातूवरून, म्हणजे बोलणारा. 'न्यास' म्हणजे खाली ठेवणं, म्हणूनच विश्वासाने सोपवलेली ठेवही न्यास. 'चलन' म्हणजे चालणं, नाण्याचं काय आणि रागाचं काय. कोर्टातला आणि बँकेतला शब्द परका नाहीच, मूळ एकच आहे. मग आधी क्रियापद लिहावं आणि नाव मागून द्यावं. नवा मसुदा असा :

'देशकार हा सकाळचा राग. आरंभीच्या आलापात गायक सप्तकाच्या वरच्या भागातल्या एका स्वराकडे पुन्हा पुन्हा जाईल आणि त्यावर रेंगाळेल. तो धैवत. हा राग त्याच्याच तोंडून बोलतो, म्हणून त्याला वादी म्हणतात. हेच पाच स्वर संध्याकाळच्या भूप रागातही आहेत, पण तिथे गाणं खालच्या बाजूला गंधारापाशी विसावतं.'

निवेदिका : हे मला मोठ्याने वाचता येईल. 'त्याच्याच तोंडून' फार आवडलं.

तंबोरा : मराठी जमलं. फक्त 'त्याच्याच' नको, 'मुख्यतः त्याच्या' करा. संवादी गंधारही आहे. इंग्रजीत उतरवताना दोन शब्द सांभाळा. 'होम नोट' म्हणाल तर वाचकाला षड्ज वाटेल, कारण त्यांच्याकडे घर म्हणजे मूळ स्वर. आणि 'रेस्ट' त्यांच्या लिपीत स्वराचा विसावा नसून आवाजाचा विराम आहे, तिथे वाजवायचंच नसतं. 'लिंगर' हे क्रियापद घ्या.

पेटीवाला : आणि धैवताला 'सिक्स्थ नोट' लिहाल तर पाच स्वरांत सहावा कुठून आला, असं विचारतील. मला विद्यार्थ्यांनी विचारलंय.

टिपणकर्ती : तेच लिहिलं होतं, खोडलं. इंग्रजीतही 'धैवत'च ठेवते. 'वादी' मूळ शब्द म्हणून ठेवावा की गाळावा, हे मात्र ठरत नाहीये. मराठी वाचकाला तो शब्द पुढे पुन्हा भेटेल, इंग्रजी वाचकाला कदाचित कधीच नाही.

जुना श्रोता : ठेवा. ज्याला पुढे जायचंय त्याला तेवढा एक दुवा पुरतो.

तंबोरा : मी गाळला असता. आणि छापण्याआधी गायकाला एकदा विचारून घ्या, देशकारच गाणार आहेत ना.