उत्तर: पीसीसी, मेडिकल आणि लस यांची मुदत

> "पीसीसी, मेडिकल, यलो फीव्हरची लस, तिन्ही आत्ताच उरकून टाकू का?"

लस खुशाल घ्या, बाकी दोन्हींची घाई नको.

ऑस्ट्रेलियाच्या कायमस्वरूपी व्हिसाचं बघा. तिथे पीसीसी, म्हणजे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, निघाल्यापासून 12 महिने धरतात, मेडिकल म्हणजे आरोग्य तपासणीही साधारण तेवढंच. गंमत पुढे आहे. व्हिसा मिळाल्यावर पहिल्यांदा देशात शिरायची शेवटची तारीख सहसा या दोन्हींपैकी जे आधी संपतं त्यावरून ठरते. समजा पीसीसी 10 जानेवारीची, मेडिकल 5 एप्रिलचं आणि व्हिसा आला नोव्हेंबरमध्ये, तर पुढच्या 10 जानेवारीच्या आत तिथे पाऊल टाकावं लागेल. नोकरीचा नोटीस पीरियड, घर आवरणं, सगळं दोन महिन्यांत! शिवाय निकाल लांबला आणि कागद शिळा झाला, तर तो पुन्हा मागतात. म्हणून व्हिसा ऑफिसने मागितल्यावरच काढलेलं बरं. फक्त पीसीसीला तुमच्याकडे किती वेळ लागतो ते आधी विचारून ठेवा.

लसीचं उलटं आहे. लस घेतल्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, पहिल्या डोसनंतर 10 दिवसांनी लागू होतं, त्याआधी सीमेवर अडवू शकतात. एकदा लागू झालं की आयुष्यभर चालतं. जुन्या कार्डावर 10 वर्षांची मुदत छापली असली तरी 11 जुलै 2016 पासून ती धरत नाहीत.