ग्रॅच्युइटी-बोनस मागितल्यावर कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलंय, मदत हवी

मोल्डर_उद्यमबाग: बेळगावातल्या फौंड्रीतून राजीनामा दिला, पैसे मागितले. वकिलाचं उत्तर आलं: ट्रेनिंगचा काळ सोडता ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरत नाहीत, नोटीस पिरियड न दिल्यानं काही देणं नाही, दिवाळीला नोकरीत नव्हता म्हणून बोनस नाही. काय करू? लवकर सांगा.

सीमाभाग_काका: तारखा सांग की बाबा. कधी लागलास, कधी सोडलंस, बेसिक किती?

मोल्डर_उद्यमबाग: १ जुलै २०१७ ते ३१ ऑगस्ट २०२४. बेसिक-डीए १५,६००. पक्का केला १ जानेवारी २०२० ला.

निपाणीकर: मग पक्क्यापासून चार वर्षं आठ महिने. चार वर्षं २४० दिवस झाले की पाच धरतात, विषय संपला!

सीमाभाग_काका: त्या मुद्द्यावर उभं राहू नकोस, त्यावर भांडण होतं. पक्कं केल्यापासून नाही, कामाला लागल्यापासून मोजायचं. ॲप्रेंटिसशिपचा नोंदलेला करार असेल तरच ते दिवस वगळले जातात. पीएफ पासबुक काढ. २०१७ पासून पीएफ याच कंपनीनं भरला असेल तर वकिलाचा पहिला मुद्दा गळतो. मग १५,६०० ला २६ नं भागून १५ नं गुणलं की ९,००० होतात. सात वर्षांचे ६३,०००, शिवाय उशिराचं व्याज. नोटीस दिली नाही म्हणून ग्रॅच्युइटी जप्त होत नाही. नोटीसच्या पगाराचा वाद वेगळा.

गडहिंग्लजची_ताई: माझ्या मिस्टरांची पेन्शन अडकलीय, त्यासाठी कुठल्या ऑफिसात जायचं?

सीमाभाग_काका: ताई, पेन्शनचं पीएफ ऑफिसला विचारा.

मोल्डर_उद्यमबाग: पासबुकात २०१७ पासून याच कंपनीचं नाव आहे. बोनसचं?

सीमाभाग_काका: वर्षात ३० दिवस काम केलं आणि पगार २१,००० च्या आत असला की हक्क. दिवाळीला हजेरी लागत नाही. २०२३-२४ चा पूर्ण आणि पुढच्या पाच महिन्यांचा माग. पण ग्रॅच्युइटीचा अधिकारी बोनसवर निकाल देत नाही, तो अर्ज लेबर खात्यात वेगळा.

निपाणीकर: थेट कोर्टात जा, हे खाते-बिते वेळ खातात.

सीमाभाग_काका: नको. ग्रॅच्युइटीसाठी नियंत्रण अधिकाऱ्याकडं फॉर्म एन, मुदत ९० दिवसांची. उशीर झाला असेल तर कारण लिहून माफी माग. एक सांग, कंपनीचं महाराष्ट्राच्या हद्दीत शिनोळीला युनिट आहे का? शाखा दोन राज्यांत असतील तर अर्ज कर्नाटकच्या नाही, केंद्राच्या अधिकाऱ्याकडं जातो. चुकीच्या दारात गेलास तर वकील पहिल्याच तारखेला तेच म्हणेल, आणि महिने जातील.

मोल्डर_उद्यमबाग: आहे हो शिनोळीला, पण मालकाच्या भावाच्या नावावर. बोर्ड वेगळा, माल मात्र आमच्याच फौंड्रीचा जायचा. आम्हीही तिकडं अधूनमधून जायचो.

सीमाभाग_काका: मग कागद बघावे लागतील. पगारपत्रकावर कुठल्या पत्त्याचा शिक्का आहे?