पॉवर बँक सुचवा, बजेट १२०० (जुनीचा १४ महिन्यांचा अनुभव आत लिहिलाय)

कसारा_फास्ट
रोज आसनगाव-दादर. जाऊन-येऊन साडेतीन तास गाडीत. गेल्या वर्षी १०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली आणि रोज वापरली. फोन ५,००० चा. नवी असताना फोन एकदा पूर्ण भरून वर आणखी ४० टक्के व्हायचा. आता १५ वरून ८० पर्यंत नेते आणि चारही दिवे विझतात. दोनेक महिन्यांपासून तापतेही. बॅगेतून काढली की तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी. नवी हवी आहे, १२०० च्या वर जाणार नाही. आणि पहिल्या दिवशीसुद्धा फोन दोनदा का भरला नाही, तेही कोणी सांगा.

शेवग्याची_शेंग
माझी ४५०० ची आहे, लॅपटॉपसुद्धा चालतो. एकदाच काय ते चांगलं घ्या.

बाळू_बारामती
सगळी लुबाडणूक. लिहायचे दहा हजार, आत असतात सहा.

शेवग्याची_शेंग
+१. पण माझ्यात तसं नाही.

सोल्डर_गन
बाळूशेठ, सहा बरोबर, पण लुबाडणूक नाही. १०,००० हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टचा. म्हणजे ३७ वॉट-अवर. बाहेर ५ व्होल्ट द्यायचे तर व्होल्टेज चढवावं लागतं, त्यात काही जातं. मग फोन स्वतःची बॅटरी भरताना तापतो, तिथे आणखी जातं. फोनच्या बॅटरीत पोचतात साधारण २७. तुमच्या फोनला एकदा भरायला लागतात १९ च्या आसपास. करा भागाकार, तुमचे ‘एकदा आणि वर ४० टक्के’ येतात. पाठीमागे बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ छापलेली असते. तुलना करायची तर ती बघा, डब्यावरचा मोठा आकडा नको.
आता ६५ टक्केच भरतोय म्हणजे निम्म्याहून कमी उरलंय. सेल जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो, म्हणून तेवढ्याच कामाला जास्त तापतो. पण त्याआधी एक करा. सपाट फरशीवर ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवा. डुलते का?

माईंची_लेक
आमच्याकडे लेकाने गादीवर ठेवून रात्रभर लावली होती. पॉवर बँक चार्जिंगला आणि तिलाच फोन. सकाळी चादरीवर पिवळा डाग, वास वेगळाच. तेव्हापासून ओट्यावर ठेवते. बाय द वे, लाइट गेल्यावर वायफाय चालेल अशी कोणती आहे का?

ट्रेकभिडू
महिन्यातून एकदा पूर्ण शून्यावर आणून भरायची, कपॅसिटी परत येते. हरिश्चंद्रगडावर माझी तीन दिवस पुरली.

सोल्डर_गन
भिडू, ती सवय जुन्या निकेलच्या सेलची. लिथियमला शून्यावर नेणं बाधतंच.

ट्रेकभिडू
मग माझी चार वर्षं कशी टिकली?

सोल्डर_गन
वर्षातून चार ट्रेक करता म्हणून.

कसारा_फास्ट
डुलते. बाजूची शिवणही नखाएवढी उघडलीये. मला वाटलं पडल्यामुळे. सकाळीच वापरली.

सोल्डर_गन
पडल्यामुळे नाही, सेल फुगलाय. आत गॅस धरलाय. आजपासून ना भरायची, ना फोन लावायचा. दाबून चिकटपट्टी लावू नका, टोचू तर अजिबात नका. कपड्यांपासून लांब, सावलीत, फरशीवर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घंटागाडीत टाकू नका, तिथे कचरा दाबतात.

बाळू_बारामती
माझी फुगलेली सहा महिने चालवली, काही झालं नाही.

माईंची_लेक
गर्दीच्या डब्यात पेटली तर? बायकांच्या डब्यात तर हलायलाही जागा नसते.

सोल्डर_गन
नवी घेताना तिच्यावर R- पासून सुरू होणारा नंबर असेल, तो बीआयएस केअर ॲपवर टाका. कंपनीचं नाव तेच आलं पाहिजे. स्टेशनबाहेरच्या २०,००० वाल्या ३९९ च्या घेऊ नका. हातात घेतली तरी कळतं, पोकळ लागतात.

शेवग्याची_शेंग
विमानात एअरलाइनला न विचारता १०० वॉट-अवरपर्यंतच चालते, तीही हातातल्या बॅगेत. माझी ९९ आहे.

कसारा_फास्ट
विमान कुठून आणू? असो, घेतली. तीच कंपनी, तेच मॉडेल, ८९९ ला. नंबर तपासला, जुळला. बायकोने लोकरीची पिशवी विणून दिलीये, तिच्यात दुसरी बसत नाही.

सोल्डर_गन
थांबा. ती पिशवीत ठेवूनच फोन लावता?

कसारा_फास्ट
हो, वायरपुरतं भोक आहे ना.

सोल्डर_गन
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं! उष्णता जाणार कुठून?

कसारा_फास्ट
ते आता घरी तुम्हीच येऊन सांगा.