मदत हवी आहे: ॲसिडवर सोडा टाकला तरी परत उसळतंय

खडूचीधूळ: शाळेच्या लॅबमध्ये ओट्यावर ॲसिड सांडलंय. खायचा सोडा टाकला, फसफसून थांबलं. ओल्या फडक्यानं पुसायला गेलो तर परत उसळलं, फडकं गरम झालं. सोडा खराब आहे का? लवकर सांगा, दुपारी बारावीचं प्रॅक्टिकल आहे.

निळालिटमस: कुठलं ॲसिड? डायल्यूट की कॉन्सन्ट्रेटेड? किती सांडलं आणि सोडा किती टाकलात? आधी फडकं सोडा आणि हात नळाखाली धरा.

मुक्काम_पोस्ट: सोड्यानं काय होणार? कॉस्टिक सोडा टाका, एका फटक्यात मरतं.

खडूचीधूळ: सल्फ्युरिक, कॉन्सन्ट्रेटेड. ५० मिलि असेल. सोडा दोन चमचे. हात धुतले, काही झालेलं नाही.

निळालिटमस: मग सोडा चांगलाच आहे, पुरला नाही एवढंच. ५० मिलि कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकला साधारण १५५ ग्रॅम खायचा सोडा लागतो. दोन चमच्यांत त्याचा दहावा हिस्साही मरत नाही. शिवाय या ॲसिडमध्ये पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे कोरडा सोडा वर पडला की पांढरी पापडी धरते आणि खालचं ॲसिड तसंच राहतं. फेस थांबतो म्हणून संपलं असं वाटतं. ओलं फडकं लागलं की पापडी फुटते, ॲसिडला पाणी मिळतं, ते तापतं आणि उरलेला सोडा एकदम गॅस सोडतो.

आता असं करा. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, गॉगल आणि रबरी हातमोजे घाला. डागाभोवती कोरड्या वाळूचा बांध घाला, मग वाळू वरही टाका. लाकडाचा भुसा नको, हे ॲसिड तो करपवतं. त्यावर कडेकडून आत असा सोडा भुरभुरा, प्लास्टिकच्या सुपलीनं हलवा, अगदी थोडं पाणी शिंपडा, परत हलवा. पाव किलोचा पुडा जवळ ठेवा. सोडा जास्त पडला तर बिघडत नाही.

@मुक्काम_पोस्ट, कॉस्टिकनं ॲसिड मरतं हे खरं. पण उष्णता इतकी निघते की शिंतोडे उडतात, आणि जास्त पडलं तर ओट्यावर ॲसिडऐवजी कॉस्टिक बसतं. डोळ्यात गेलं तर ते ॲसिडपेक्षा वाईट, खोल उतरत जातं.

मुक्काम_पोस्ट: कारखान्यात कॉस्टिकच वापरतात.

निळालिटमस: तिथे टाकीत, पातळ करून, पीएच मोजत. ओट्यावर नाही.

घरकाम_२४: विषय निघालाच आहे म्हणून विचारते, बाथरूमच्या फरशीच्या ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर घातली तर डाग लवकर जातात का?

निळालिटमस: अजिबात घालू नका. क्लोरीन निघतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेतेल.

खडूचीधूळ: सोडा दोनशे ग्रॅम झाला. तरी बारीक बुडबुडे येतच आहेत. कधी थांबणार?

कडाप्पावाला: ओटा कडाप्प्याचा आहे का?

खडूचीधूळ: हो, काळा.

कडाप्पावाला: मग नुसत्या बुडबुड्यांवर जाऊ नका. कडाप्पा म्हणजे चुनखडी, शहाबादी फरशीही तीच. ॲसिड दगडालाच खातं आणि तोच गॅस निघतो. लिटमस लावा.

निळालिटमस: बरोबर, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सुपलीतला थोडा लगदा पाण्यात घाला, लाल लिटमस निळा झाला की सोडा उरलाय, म्हणजे ॲसिड संपलं. मग लगदा बादलीत भरा आणि ओटा भरपूर पाण्यानं धुवा.

रेघोट्या: मुलांना गॉगल नसले तरी चालतात, निम्म्यांना चष्मा असतोच. आणि हातावर उडालं तर सोडा चोळायचा.

निळालिटमस: दोन्ही चूक. चष्म्याच्या बाजूनं आणि वरून थेंब सरळ आत जातो. गॉगल चेहऱ्याला चिकटून बसणारा हवा, आणि त्याची हवेची भोकं झाकलेली हवीत. नुसती भोकं असलेला गॉगल सुताराला ठीक. चष्म्यावरूनही बसतो. हातावर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं, भिजलेले कपडे काढून. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून, तो डोळा खालच्या बाजूला ठेवून तेवढाच वेळ धुवायचं, मग दवाखाना. डोळ्यात सोडा कधीही नाही.

रेघोट्या: सल्फ्युरिक आधी कोरड्या कापडानं टिपायचं, मग पाणी. नाहीतर जास्त भाजतं. आम्हाला तसंच शिकवलंय.

निळालिटमस: जुन्या पद्धतीत तसं शिकवत. कापड शोधण्यात जे सेकंद जातात तेवढ्यात कातडी जळते. जोराचा भरपूर प्रवाह असेल तर उष्णता पाण्याबरोबरच वाहून जाते.

रेघोट्या: पटलं नाही. आमच्या नळाला धारच नाही, त्याचं काय?

खडूचीधूळ: लाल लिटमस निळा झाला, ओटा धुतला. पण दगडावर तळहाताएवढा पांढरा खरखरीत डाग आहे. घासून जाईल?

कडाप्पावाला: वरची पांढरी पूड जाईल, ते जिप्सम आहे. खालचा दगड खाल्ला गेलाय, तिथली चकाकी परत पॉलिश केल्याशिवाय यायची नाही.