कॉफीच्या पाकिटावरची ‘चेरी’ आणि करवंद

पौडरोडकर
कोथरूडातल्या एका छोट्या रोस्टरच्या पाव किलोच्या पाकिटाचा मजकूर मराठीत करतोय. मूळ असं: ‘अरेबिका चेरी एबी, नॅचरल, बाबाबुडनगिरी. नोट्स: ब्लॅककरंट.’ मी केलं: ‘बाबाबुडनगिरीची नैसर्गिक, चेरीयुक्त कॉफी. करवंदाचा स्वाद.’ करवंदावरून रोस्टरशी वाजलंय. तुमचं मत?

तळाचागाळ
करवंदाचं नंतर बघू, आधी ती चेरी काढा! आपल्याकडच्या कॉफीच्या व्यापारात ‘चेरी’ म्हणजे फळासकट उन्हात वाळवून मग सोललेलं बी. गर काढून, धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला ‘प्लँटेशन’ म्हणतात. म्हणजे ‘चेरी’ आणि ‘नॅचरल’ एकच गोष्ट सांगतायत, आणि तुमच्या मराठीत त्यातून एक फळ आणि एक शुद्धतेची ग्वाही निघाली. ‘अरेबिका चेरी एबी’ तसंच ठेवा, माल त्याच नावाने विकला जातो. एबी ही दाण्याच्या आकाराची प्रत आहे. ‘नॅचरल’च्या जागी ‘फळासकट वाळवलेली’ लिहा.

मावशीबोलते
सगळं तसंच ठेवायचं तर मराठी करता कशाला? ब्लॅककरंट आपण फक्त आइस्क्रीममध्ये खाल्लंय. सिंहगडावर द्रोणातली करवंदं मात्र सगळ्यांनी खाल्लीत. करवंदच लिहा. नाहीतर काळ्या मनुका, एकच ते.

तळाचागाळ
एकच नाही हो मावशी. मनुका म्हणजे वाळलेली द्राक्षं, ब्लॅककरंटचं झुडूपच वेगळं. अनोळखी फळ वाचून गिऱ्हाईक गोंधळतं, हे मात्र खरं. पण करवंद म्हटलं की आंबटपणाबरोबर चीक आणि तुरटपणाही आठवतो, आणि कॉफीत तुरटपणा हा दोष धरतात. करवंद हवंच असेल तर चाखून ठरवा. वाटीत ८.२५ ग्रॅम भरड पूड, वर १५० मिली गरम पाणी, ४ मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडायचा. मग कोमट होईपर्यंत चाखत राहायचं, कारण फळांच्या छटा निवताना जास्त कळतात. चाखणाऱ्यांना पाकीट दाखवू नका. त्यांच्या तोंडून आपणहून करवंद आलं तर खुशाल छापा. पण ती नवी नोंद झाली, भाषांतर नव्हे.

चहाचबरा
या कॉफीत फळाचा अर्क घालतात का? मला सुकामेव्याची ॲलर्जी आहे, हेझलनट लिहिलेलं पाकीट मी दुकानात परत केलं होतं.

तळाचागाळ
नोट म्हणजे चाखणाऱ्याला आलेली आठवण, घटक नव्हे. पण फ्लेवर मारलेल्या कॉफ्याही मिळतात, तेव्हा तुम्ही घटकांची यादी बघाच. पौडरोडकर, तुमच्या ‘चेरीयुक्त’ने हाच घोळ होणार. ‘चाखताना आठवणारी चव’ असं लिहा आणि खाली ‘वेगळा स्वाद घातलेला नाही’.

पौडरोडकर
चेरी आणि नॅचरल दुरुस्त केलं, खालची ओळही घेतली. ब्लॅककरंटवर रोस्टर अडलाय. तो म्हणतो, पाकिटाच्या इंग्रजी बाजूला एक फळ आणि मराठी बाजूला दुसरं, असं कसं चालेल?

मावशीबोलते
न चालायला काय झालं? जीभ आमची, फळही आमचं.