मदत हवी आहे: गोळ्यांच्या स्ट्रिपवरची एक्सपायरी नेमकी कशी वाचायची? यादी आजच द्यायची आहे

सेलूकर
आषाढीच्या दिंडीसोबत जाणाऱ्या औषधपेटीची यादी करायलोय. एका स्ट्रिपवर 241105, त्याखाली 11/24 आणि 10/26 असं आहे. आम्ही दोघं यादीला बसलोय, दोघांचं जुळंना. तो म्हणतो 26 ऑक्टोबर. लॅपटॉपपण तेच दाखवतोय. मग साल कुठंय? डॉक्टरसाहेबांना रात्रीपर्यंत यादी पाठवायची आहे. लवकर सांगा.

गोदाकाठ
आकड्यांच्या आधी काय छापलंय ते सांगा की. नुसत्या आकड्यांवरून कोण सांगणार? फोटो टाका. गोळी कोणती, स्ट्रिप कुठली?

सेलूकर
फोटो चढंना, रेंज नाही. तापाची गोळी आहे, इथल्याच मेडिकलमधली. बी. नं., एमएफजी, एक्सपी असं छापलंय, पण आकडे नंतर ठोकलेले आहेत आणि ते अर्धी ओळ खाली सरकलेत. म्हणून कोणता आकडा कशाचा ते कळंना.

जुना एमआर
सोपं आहे. 241105 म्हणजे 2024 च्या नोव्हेंबरची 5 तारीख, त्या दिवशी माल बनला. बॅच नंबरमध्ये तारीख असतेच. आणि एक्सपायरी 10/26 म्हणजे 1 ऑक्टोबरला औषध बाद, सप्टेंबरअखेर संपवून टाका.

औषधनिर्माता ताई
दादा, दोन्ही गोष्टींना थांबा जरा. बॅच नंबर कसा द्यायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. काहींच्या नंबरात साल-महिना असतो, काहींचा नुसता अनुक्रमांक असतो. इथं 11/24 शी जुळतंय म्हणून बरं वाटतं, पण पुढच्या स्ट्रिपवर 120326 असेल आणि कुणीतरी तीच एक्सपायरी म्हणून लिहून टाकेल. बॅच नंबरातून तारीख काढायची नाही, जसा आहे तसा उतरवायचा. एखादा माल खराब निघाला आणि परत मागवला, तर त्याच नंबरावरून शोधतात. एक अक्षर चुकलं तरी जुळणार नाही.

आता एक्सपायरी. आपल्याकडे औषध नियम 1945 मधला नियम 96 आहे. त्याप्रमाणे एक्सपायरी महिना आणि साल अशी लिहायची आणि त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं असं धरायचं. म्हणजे 10/26 ची मुदत 31 ऑक्टोबर 2026 पर्यंत. तुमच्या स्ट्रिपवर दिवस लिहिलेलाच नाही, त्यामुळे 26 हे सालच.

सेलूकर भाऊ, ताळा असा करा. बनल्याचा महिना नोव्हेंबर 2024 आणि एक्सपायरी ऑक्टोबर 2026. नोव्हेंबर धरून मोजलं तर बरोबर 24 महिने होतात. बहुतेक गोळ्यांना दोन किंवा तीन वर्षांची मुदत असते आणि एक्सपायरीचा महिना बनल्याच्या महिन्याच्या एक आधीचा असतो. काही कंपन्या तोच महिना ठेवतात, तेही चालतं. पण हिशोब 21 किंवा 29 महिने असा विचित्र निघाला, तर समजा एखादा आकडा चुकीचा वाचलाय. ठोकलेल्या आकड्यांत 3 आणि 8, 6 आणि 8 हमखास फसवतात. मोबाइलची बॅटरी स्ट्रिपला जवळजवळ टेकवून आडवी धरा. सावली पडली की आकडा उठून दिसतो. समोरून उजेड मारला तर चांदी नुसती चमकते.

जुना एमआर
ताई, नियम मलाही माहीत आहे. पण पेटी उन्हातून जाणार, गाडीच्या टपावर ठेवणार. एक महिना आधी बाद धरलं तर कुणाचं काय बिघडतं?

औषधनिर्माता ताई
तुमची काळजी खरी आहे. छापलेली मुदत स्ट्रिपवर सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या औषधाची असते. पण म्हणून यादीत वेगळी तारीख लिहू नका. यादीत छापलेलंच लिहा आणि पेटी सावलीत ठेवा.

कापूसवाला
आमच्या कृषी सेवा केंद्रानं दिलेल्या औषधाच्या बाटलीवर तारीख पुसट आहे. फवारायचं का नाही? बोंडअळी आलीय.

गोदाकाठ
भाऊ, हा गोळ्यांचा धागा आहे. फवारणीच्या औषधाचा वेगळा धागा काढा. तोवर बाटली उघडू नका आणि पावती जपून ठेवा.

मोंढ्यातला
मला एक सांगा, मेडिकलवाला दहाच्या स्ट्रिपमधल्या चारच गोळ्या कामून देत नाही? कापून दिल्या तरी एक्सपायरी नसलेला तुकडा माझ्या हातात देतो. हे बरोबर आहे का?

औषधनिर्माता ताई
बरोबर नाही. आकडे स्ट्रिपच्या एकाच टोकाला असतात, म्हणून दुसऱ्या टोकाकडून कापत यायचं. पण मग तारखेचा तुकडा दुकानात राहतो आणि तुमच्याकडं कोरा येतो. बिलावर बॅच आणि एक्सपायरी असते, ते बिल मागून घ्या. सेलूकर भाऊ, तुमच्या पेटीत असे कोरे तुकडे असतील आणि बिल नसेल तर ते पेटीत ठेवू नका.

क्यूआरप्रेमी
इतकं कशाला करायचं? कोड स्कॅन करा, बॅच, तारीख सगळं येतं. 1 ऑगस्ट 2023 पासून सक्तीचं आहे.

औषधनिर्माता ताई
सक्ती 300 ब्रँडपुरती आहे, बाकी गोळ्यांवर कोड असेलच असं नाही.

सेलूकर
टॉर्चनं दिसलं, 11/24 आणि 10/26 च आहे. पण लॅपटॉपवर 10/26 लिहिलं की आपोआप 26-Oct होतंय. आणि एका बॅचला 24E05 लिहिलं तर 2.40E+06 झालं!

हिशोबनीस नांदेड
हे एक्सेलचं काम आहे, औषधाचं नाही. तुमच्या लॅपटॉपची तारीख अमेरिकन पद्धतीवर आहे, आधी महिना मग दिवस. त्यामुळे 10/26 ला तो चालू वर्षातली 26 ऑक्टोबर समजतो. बॅचच्या मधल्या E ला तो शून्यं वाढवायची खूण समजतो. बॅचच्या सुरुवातीला शून्य असेल तर तेही खाऊन टाकतो. लिहायच्या आधी बॅचचा अख्खा रकाना निवडून टेक्स्ट करा. आधीच बिघडलेलं मात्र तसं करून परत येणार नाही, स्ट्रिप बघून पुन्हा लिहा.

एक्सपायरीसाठी दोन रकाने ठेवा. C मध्ये महिना 10 आणि D मध्ये साल 2026. शेवटची तारीख शेजारी काढा:

```
=EOMONTH(DATE(D2,C2,1),0)
```

46326 असा आकडा आला तर सेलचं फॉरमॅट तारीख करा, 31 ऑक्टोबर 2026 दिसेल. साल चार आकडीच लिहा. नुसतं 26 लिहिलं तर एक्सेल 1926 धरतो.

सेलूकर
जमलं. आता शेवटचं. गावातल्या एकानं दुबईहून आणलेल्या दोन स्ट्रिपा दिल्यात. एकीवर बनल्याची 20/11/2024 आणि एक्सपायरी 05/11/2026 आहे. दुसरीवर 06/11/2024 आणि 05/11/2026.

औषधनिर्माता ताई
पहिलीतल्या 20 वरून कळतं, महिना 20 वा नसतो, म्हणजे आधी दिवस. त्याच स्ट्रिपवर पद्धत बदलणार नाही, म्हणून 5 नोव्हेंबर 2026. दुसरीवर दोन्ही आकडे बारापर्यंतच आहेत. 5 नोव्हेंबर की 11 मे, हिशोब दोन्हीकडून दोन वर्षांच्या आसपासच येतो. खोका असेल तर त्यावर महिना अक्षरात आहे का बघा.

सेलूकर
खोका नाही. दोन्ही एकाच कंपनीच्या आहेत पण.

जुना एमआर
मग दुसरीपण दिवस-महिनाच असणार. एकच कंपनी दोन पद्धतीनं छापते होय?

औषधनिर्माता ताई
वेगवेगळ्या देशांसाठी वेगळं छापू शकते. मी असते तर 11 मे धरली असती, आधीची तारीख. शिवाय परदेशातली गोळी पेटीत ठेवायची का, हे डॉक्टरांनाच विचारा.

सेलूकर
यादी पाठवली. दुबईच्या दोन्ही स्ट्रिपा बाजूला काढल्यात, डॉक्टरसाहेबांचा फोन आला की सांगतो.

कापूसवाला
बाटलीवर 03/2 एवढंच दिसतंय, पुढचा आकडा गेलाय.